काचेच्या बरणीत ओल्या हळदीचं थरांचं लोणचं : कुठे चुकतं आणि कसं टाळायचं

डिसेंबर उजाडला की बडोद्याच्या खंडेराव मार्केटात ओल्या हळदीचे ढीग लागतात. भाजीवाली ‘लीली हळदर’ आणि ‘आंबा हळदर’ अशी दोन नावं घेते, आणि दोन्ही घेतल्याशिवाय पुढे जाववत नाही. आपल्या दांडिया बाजारातल्या घरांमधून मग लिंबाच्या रसातलं, तेल न घातलेलं लोणचं काचेच्या बरणीत थर लावून भरलं जातं: खाली केशरी, मग हिरवा, मग पांढुरका, वर फिकट पिवळा. आणि दर वर्षी जानेवारीच्या सुमारास शेजारपाजारच्या दोन-तीन जणी बरणी घेऊन येतात आणि विचारतात, “काकू, हे असं का झालं?”

बहुतेक वेळा चूक एकाच जातीची असते. चिनी मातीच्या बरणीत आत काय चाललंय ते दिसत नाही, म्हणून आपण फक्त चवीवर जातो. काचेच्या बरणीत दिसण्याच्या मोहापायी थर लावतो, पण काच जे दाखवते ते वाचत नाही. पुढची कृती त्यासाठीच सविस्तर लिहिली आहे. प्रमाण एक लिटरच्या रुंद तोंडाच्या बरणीचं आहे.

## १. बरणी आणि झाकण

बरणीत हात जायला हवा. अरुंद तोंडाची बाटली दिसायला छान असते, पण तिच्यात थर दाबता येत नाहीत आणि मधे हवा अडकते. बरणीला खांदा असला, म्हणजे वर गळ्याकडे ती थोडी आत आलेली असली, तर उत्तम. त्याचं कारण पाचव्या टप्प्यात येईल.

झाकण काचेचं किंवा जाड प्लास्टिकचं घ्या. पत्र्याचं झाकण मीठ आणि लिंबू यांच्यापुढे टिकत नाही. महिनाभरात आतून गंज धरतो आणि त्याचे थेंब वरच्या थरावर पडतात. घरात पत्र्याच्याच झाकणाची बरणी असेल तर ती कोरड्या मसाल्याला ठेवा.

बरणी साबणाने धुऊन भरपूर पाण्याने विसळा. मग मोठ्या पातेल्यात तळाशी फडकं घालून त्यावर बरणी ठेवा, थंड पाणी भरा आणि पाण्यासकट तापवा. उकळी आल्यावर दहा मिनिटं ठेवा आणि पाणी कोमट झाल्यावरच बरणी काढा. थंड काचेवर एकदम उकळतं पाणी ओतलं की काच तडकते, आणि बारीक चीर बऱ्याचदा रस भरल्यानंतर लक्षात येते. काढलेली बरणी स्वच्छ फडक्यावर पालथी घाला, निथळली की उताणी करून उन्हात ठेवा.

तपासा: कोरडी झालेली बरणी झाकण लावून दहा मिनिटं उन्हात ठेवा. आतून काचेवर धुकं धरलं तर ओल अजून आहे.

## २. निवड आणि धुणं

सोललेल्या, चिरलेल्या मालाचं वजन असं लागतं: ओली हळद २०० ग्रॅम, आंबेहळद १५० ग्रॅम, आलं १०० ग्रॅम, हिरवी मिरची १०० ग्रॅम. बाजारातून प्रत्येकी पाव हिस्सा जास्त आणा, तो सालीत आणि देठात जातो. मीठ एकूण ६५ ग्रॅम. लिंबाचा रस ४०० मिलिलिटर, म्हणजे कागदी लिंबं वीस ते पंचवीस. लिंबांच्या संख्येवर विसंबू नका, रस मोजा. एखाद्या आठवड्यात लिंबं इतकी कोरडी येतात की तीसही लागतात.

आंबेहळद आणि आलं दिसायला सारखं असतं. शंका आली तर कांडं मोडून वास घ्या. आंबेहळदीला कैरीचा वास येतो. मोडताना धागे लोंबले तर कांडं जून आहे, ते घेऊ नका. मिरची वढवाणी घ्या: जाड सालीची, फिकट हिरवी, फारशी जहाल नसलेली. बारीक तिखट मिरची घातली तर तिचा तिखटपणा रसात उतरून हळद आणि आंबेहळदीची चव झाकून टाकतो.

कांडी धुताना मोठी चूक होते. हळदीचा गड्डा अख्खा नळाखाली धरला तर त्याला फुटलेल्या बोटांच्या बेचक्यातली माती तशीच राहते. आधी प्रत्येक बोट मोडून वेगळं करा, वीस मिनिटं पाण्यात भिजत ठेवा, मग ब्रशने घासा. पाणी नितळ निघेपर्यंत बदलत राहा. सोलायला सुरीऐवजी चमच्याची कड वापरली की साल पातळ निघते.

सोलल्यावर पुन्हा एकदा धुवा आणि फडक्यावर पसरून पंख्याखाली दोन-तीन तास ठेवा. लिंबं आणि मिरच्याही धुऊन पुसून घ्या. चिरल्यानंतर मात्र काहीही धुवायचं नाही.

## ३. चिरण्याचा क्रम

हा टप्पा छोटा वाटतो, पण बरणीतले रंग इथेच ठरतात. आधी आंबेहळद, मग आलं, मग मिरची आणि सगळ्यात शेवटी हळद चिरा. उलट केलं तर पाट, सुरी आणि हात पिवळे होतात आणि पांढुरकी आंबेहळद बरणीत जाण्याआधीच रंगते.

प्रत्येकाचा काप वेगळा ठेवा. हळदीच्या गोल चकत्या, आंबेहळदीच्या काडेपेटीतल्या काडीएवढ्या काड्या, आल्याचे पातळ काप. मिरची उभी चिरून बिया काढा आणि बोटाच्या दोन पेरांएवढे तुकडे करा. पंधरा दिवसांनी रंग थोडेफार एकमेकांत मिसळतातच, तेव्हा थर ओळखू येतात ते कापामुळे. मिरचीच्या बिया ठेवल्या तर त्या तरंगून वर जमतात आणि रस घाण दिसतो. अख्खी किंवा नुसती टोचलेली मिरची या बरणीत घालू नका, तिच्या पोकळीत हवा राहते.

हाताला आधी तेलाचं बोट लावा. हळदीचा हात साबणाने धुतला की डाग लाल होतो, घाबरू नका. हळदीचा रंग आंबट वस्तूत पिवळा राहतो आणि साबणासारख्या क्षारात लाल होतो. लिंबाची साल चोळली की तो परत पिवळा होतो.

## ४. मीठ दोन वेळा

मिठाबाबत मी आग्रही आहे, कारण बिघडलेल्या बरण्यांपैकी निम्म्या इथे बिघडतात. सगळं मीठ एकदम वरून घालायचं किंवा तळाशी पेरायचं, असं बरेच जण करतात. विरघळलेलं मीठ जड असतं, ते खाली बसतं. तळाशी पेरलेलं मीठ वर येत नाही. मग खालची हळद खारट होते आणि वरचं आलं जवळजवळ अळणी राहतं. बुरशी धरते ती त्या अळणी थरावर.

म्हणून मिठाचे भाग करा. चिरलेल्या दर १०० ग्रॅमला ५ ग्रॅम, म्हणजे चहाचा एक सपाट चमचा बारीक मीठ, या हिशेबाने चारही ढिगांना वेगवेगळ्या भांड्यांत चोळा आणि अर्धा तास ठेवा. यात साधारण २८ ग्रॅम मीठ जातं. तुकड्यांना पाणी सुटतं, ते मऊ पडतात आणि बरणीत नीट दाबले जातात. हे केलं नाही तर ते बरणीत गेल्यावर आकसतात आणि दुसऱ्या दिवशी सगळे थर खाली ढासळतात. सुटलेलं पाणी फेकू नका, त्यात मीठ आहे. ज्याचं पाणी त्याच्याच थरात जाऊ द्या.

लिंबाचा रस गाळून घ्या, बी राहिली तर कडवटपणा उतरतो. ३५० मिलिलिटर रसात ३२ ग्रॅम मीठ पूर्ण विरघळवा. उरलेल्या ५० मिलिलिटर रसात ५ ग्रॅम मीठ घालून तो छोट्या बाटलीत फ्रिजमध्ये ठेवा. तो दुसऱ्या दिवशी लागतो.

सावधान: मीठ वजनानेच घ्या. खडेमिठाचा चमचा बारीक मिठाच्या चमच्यापेक्षा हलका भरतो, आणि चमच्याने मोजलेलं खडेमीठ हमखास कमी पडतं.

## ५. थर लावणं

खालून वर क्रम असा: हळद, मिरची, आंबेहळद, आलं.

हळद तळाशीच हवी. ती वर ठेवली तर प्रत्येक वेळी ओतलेला रस तिचा रंग घेऊन खालच्या सगळ्या थरांवरून उतरतो आणि दोन तासांत बरणी एकरंगी होते. हळद आणि आंबेहळद यांच्यामध्ये मिरची घालायची, म्हणजे पांढुरका थर हळदीला थेट चिकटत नाही. मिरची हलकी असते, वर उसळू पाहते, म्हणून तिच्यावर दोन जड थर लागतात. आल्याचा थर वर ठेवला की तो झाकणासारखा बसतो.

आधी तळाशी दोन चमचे खारवलेला रस घाला. मग हळदीच्या चांगल्या गोल चकत्या चिमट्याने काचेला आडव्या टेकवून कडेने एक रांग लावा आणि मधली जागा उरलेल्या तुकड्यांनी भरा. पळीच्या पाठीने दाबा. आता चमच्याच्या पाठीवरून हळूच रस सोडा, थर जेमतेम बुडेल इतका. रस धारेने सोडला तर खालचा थर उचकटतो. याच रीतीने पुढचे तिन्ही थर. प्रत्येक थर रसात बुडाल्याशिवाय पुढचा घालायचा नाही. सगळं भरून शेवटी वरून रस ओतला तर मधल्या थरांत हवेचे कप्पे राहतात आणि रस तिथे पोचायला दोन दिवस लागतात. तोवर ते तुकडे कोरडेच असतात.

प्रत्येक थरानंतर बरणी हातात घेऊन गोल फिरवून बघा. काचेलगत चंदेरी फुगा दिसला तर कोरडी बांबूची काडी काचेच्या कडेने खाली घालून त्याला वाट करून द्या.

आल्यावर लिंबाच्या दोन-तीन जाड चकत्या, बिया काढून, थोड्या दुमडून अशा बसवा की त्या बरणीच्या खांद्याखाली अडकतील. रस वर चढला तरी खालचे तुकडे मग वर येत नाहीत. बरणीला खांदा हवा तो यासाठी. चकत्यांवर निदान एक बोट रस उभा राहायला हवा आणि त्याच्यावर झाकणापर्यंत दोन बोटं मोकळी जागा.

तपासा: बरणी डोळ्यांच्या रेषेत धरा. रसाच्या वर एकही तुकडा, आल्याचं एक टोकसुद्धा दिसता कामा नये.

## ६. पहिले दहा दिवस

दुसऱ्या दिवशी सकाळी रस अर्धं बोट उतरलेला दिसेल. फुगे बाहेर पडतात आणि जागा रस घेतो. फ्रिजमधला राखलेला रस घालून पातळी पुन्हा आणा. पाणी घालू नका, उकळून गार केलेलंही नाही. या लोणच्याला तेल नाही, मोहरी नाही, ऊनही नाही. ते टिकतं लिंबाच्या आंबटपणावर आणि मिठावर. कांडी जमिनीतून येतात, मातीतले जंतू घासूनही थोडे राहतात. हवा न मिळणाऱ्या जागी वाढून विष करणारा जंतूही मातीतलाच असतो. आंबटपणा जितका जास्त तितका पीएचचा आकडा कमी, आणि पीएच ४.६ च्या खाली हा जंतू वाढू शकत नाही. भरपूर लिंबाचा रस बरणीला त्या रेषेच्या पुष्कळ खाली ठेवतो, आणि प्रत्येक वाटी पाणी तिला रेषेकडे ढकलतं. वर तेलाचा थर देऊन पाण्याची भरपाई होत नाही. तेलाखाली हवा नसते, आणि या जंतूला तसंच हवं असतं.

बरणी अंधाऱ्या कपाटात ठेवा. काचेची बरणी सजून दिसते म्हणून खिडकीत ठेवण्याचा मोह होतो, पण हळदीचा रंग उजेडात विटतो. फडक्यावरचा हळदीचा डाग उन्हात वाळत घातला की उडतो, तेच बरणीत होतं. कैरीच्या छुंद्याला ऊन लागतं, याला नाही.

चौथ्या दिवसापासून खाता येतं, आठव्या-दहाव्या दिवशी चव बसते. या काळात काचेतून जे बदल दिसतील त्यांतले काही निर्धोक आहेत. मिरची तीन-चार दिवसांत हिरवीगार न राहता मेंदीसारखी होते. आंबटपणाने पानाफळांचा हिरवा रंग असाच बदलतो. कोवळं आलं लिंबात गुलाबी होऊ शकतं. तळाशी पांढरट बारीक पिठासारखा साका बसतो. तो कांड्यांतला स्टार्च असतो, बरणी हलवली की धुरासारखा उठतो आणि तासाभरात परत बसतो. आंबेहळद हळूहळू लिंबासारखी पिवळी होते, ते टाळता येत नाही. क्रम आणि कापण्याची शिस्त पाळली तर फक्त उशिरा होते.

बिघाडाची चिन्हं वेगळी. रस सगळ्या उंचीवर गढूळ होतो आणि बसत नाही. पाचव्या-सहाव्या दिवसानंतरही तळातून बारीक बुडबुडे आपोआप वर येत राहतात. झाकण उघडताना फुस् आवाज येतो. वर पांढरी साय किंवा लवदार ठिपके दिसतात. यांतलं काहीही दिसलं तर बरणी रिकामी करा. वरचा थर काढून खालचं वाचवायला जाऊ नका, बुरशीचे धागे दिसतात त्यापेक्षा खोल गेलेले असतात.

## एक बरणी, नवव्या दिवशी

गेल्या हिवाळ्यात खालच्या मजल्यावरची सूनबाई तिची पहिली बरणी घेऊन आली. लांबून थर सुरेख दिसत होते. जवळ धरल्यावर वरचं आलं रसाबाहेर दोन बोटं कोरडं, त्यावर करड्या लवेचे तीन ठिपके, आणि वरच्या निम्म्या बरणीतला रस ताकासारखा गढूळ. तळाचा रस मात्र नितळ होता.

“लिंबं किती घेतलीस?”

“बारा. रस कमी वाटला म्हणून उकळलेलं पाणी गार करून घातलं, काकू.”

“आणि मीठ?”

“तळाशी पेरलं सगळं. वरून विरघळून येईल असं वाटलं.”

बारा लिंबांचा रस फार तर दोनशे मिलिलिटर. उरलेली जागा पाण्याने भरली होती. तळाशी मीठ आणि रस दोन्ही दाट होते, म्हणून तिथे काही झालं नाही. वर पातळ, अळणी पाणी, आणि त्याबाहेर उघडं आलं. चिरताना तिने वजन सोलण्याआधीच केलं होतं, तेही विचारल्यावर कळलं. म्हणून थर कमी पडले, चकत्यांना अडकायला खांदा मिळाला नाही आणि आलं वर तरंगलं. तिला वाईट वाटलं, मलाही. दोन तास बसून लावलेले थर होते. पण खालचा नितळ भाग वेगळा काढून ठेवू का, असं तिने विचारलं तेव्हा मी नाहीच म्हटलं.

पुढच्या रविवारी तिने परत केलं, या वेळी आधी रस मोजून मग बाकीचं चिरलं. हा क्रम मला आवडला, आता मीही तसंच करते. रस ४०० मिलिलिटर निघाला नाही तर त्या प्रमाणात भाजी कमी करायची आणि छोटी बरणी घ्यायची. ३०० मिलिलिटर निघाला तर सगळंच पाऊण पट, बरणी पाऊण लिटरची.

## ७. काढणं आणि साठवणं

चमचा कोरडा असावा, हे सगळ्यांना माहीत असतं. कमी माहीत असलेली गोष्ट म्हणजे दर वेळी काढल्यावर उरलेलं लोणचं पुन्हा रसाखाली दाबायचं असतं. थर एकाच बाजूने खणून काढले तर दुसरी बाजू शेवटपर्यंत दिसायला छान राहते, पण खणलेल्या बाजूचे तुकडे उभे राहून रसाबाहेर येतात. म्हणून घरात माणसं कमी असतील तर एक लिटरऐवजी अर्ध्या-अर्ध्या लिटरच्या दोन बरण्या भरा. एक संपली की दुसरी उघडा.

थंडीत बरणी कपाटात चालते. होळी झाली की बडोद्यात दुपारी स्वयंपाकघर तापायला लागतं, तेव्हा ती फ्रिजमध्ये हलवा.

उरलेल्या पिवळ्या रसात नवी हळद चिरून घालण्याची पद्धत काही घरांत आहे. ती करू नका. त्या रसात आधीच्या कांड्यांचं पाणी उतरलेलं असतं, त्याचा आंबटपणा पहिल्यासारखा राहिलेला नसतो. तो वरणात किंवा काकडीच्या कोशिंबिरीत घाला. कोशिंबिरीत मात्र मीठ शेवटी, चव बघून.